थीसिस: प्रत्येक व्हेरिएबलची ऑपरेशनल डेफिनेशन कशी लिहायची? (खर्रा, बीपी आणि उत्पन्न)

जेआर_वर्धा
नमस्कार मंडळी. मी कम्युनिटी मेडिसिनला एमडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज वर्धा जिल्ह्यात. विषय आहे ग्रामीण भागातल्या तिशीपुढच्या लोकांमधला उच्च रक्तदाब आणि त्याच्याशी संबंधित घटक, त्यातही मुख्यतः तंबाखू. सिनॉप्सिस मंजूर आहे, एथिक्सची परवानगी आहे, गावांची यादी तयार आहे. पुढच्या महिन्यात घरोघरी फिरायला सुरुवात करायची आहे.

मेथड्सचा कच्चा मसुदा मॅडमना दिला होता. तो परत आला, समासात एकच ओळ: 'प्रत्येक व्हेरिएबलची ऑपरेशनल डेफिनेशन लिहा.' माझ्याकडे वय, लिंग, शिक्षण, व्यवसाय, कुटुंबाचा प्रकार, आर्थिक स्तर, तंबाखू, दारू, बीएमआय, रक्तदाब एवढे व्हेरिएबल आहेत. वयाचीही व्याख्या लिहायची का? आणि खरी अडचण तंबाखूची. प्रश्नावलीत मी 'तंबाखू सेवन: हो / नाही' एवढंच ठेवलं आहे. त्याची व्याख्या काय लिहू? तंबाखू खातो तो तंबाखू खाणारा, याच्या पुढे मला काही सुचत नाही.

तिसरंवर्ष
एवढा विचार करू नकोस रे. पाठ्यपुस्तकातली व्याख्या घे, खाली संदर्भ दे, संपलं. मी तेच केलं. प्रत्येक व्हेरिएबलसमोर कुठल्या तरी मान्य संस्थेची व्याख्या असली की परीक्षक काही बोलत नाही. बीपीला २०१७ची अमेरिकन गाइडलाइन घे, १३०/८०. जुन्या १४०/९०पेक्षा ती नवीन.

संध्याकाळ
माझ्या एम.एड.च्या प्रबंधात मी पहिल्या प्रकरणातच शीर्षकातल्या प्रत्येक शब्दाची कार्यात्मक व्याख्या दिली होती. 'प्रस्तुत संशोधनात विद्यार्थी म्हणजे अमरावती जिल्ह्यातील इयत्ता नववीत शिकणारे' अशा पद्धतीने. तुम्हीही 'ग्रामीण', 'प्रौढ', 'उच्च रक्तदाब' अशी शीर्षकातल्या शब्दांची व्याख्या द्या. आमच्याकडे तेवढं पुरतं.

पाणंद
संध्याकाळ ताई, तुमच्याकडची पद्धत वेगळ्या कामासाठी आहे. तिथे अभ्यासाचं कुंपण कुठवर आहे ते सांगायचं असतं. याच्या मॅडम विचारत आहेत ते दारात उभं राहून काय करणार ते. शीर्षकात नसलेले व्हेरिएबलही त्यात येतात.

जेआर, मी या विषयात बरीच वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे. तू तंबाखूवर अडलास ते बरं झालं, कारण तुझा सगळा निष्कर्ष त्यावरच उभा राहणार आहे. व्याख्या लिहायला बसू नकोस. आधी ज्यांच्या दारात जाणार आहेस ती माणसं डोळ्यांसमोर आण.

पहिला, पस्तिशीचा शेतमजूर. दिवसाला एक खर्रा विकत घेतो, पण तो चौघांत वाटून खातो. दुसरी, साठीची बाई. सकाळी गुडाखूने दात घासते. तिच्या मते ती तंबाखू खात नाही, दात घासते. तिसरा, तीन आठवड्यांपूर्वी खर्रा सोडलेला, कारण तोंड उघडेना म्हणून डॉक्टरने भीती घातली. चौथा, फक्त सुपारी खाणारा. पाचवा, एरवी काही नाही, पण पेरणीच्या आणि वेचणीच्या दिवसांत सोबतच्या लोकांबरोबर खातो.

आता तुझा 'हो / नाही'चा रकाना घेऊन दोन इंटर्न या पाच दारांत वेगवेगळे पाठव. पहिल्याला दोघंही 'हो' लिहितील. बाकी चौघांपैकी किती जणांवर त्यांचं एकमत होईल? जिथे होणार नाही, तिथे व्याख्येत काहीतरी राहिलं आहे असं समज. पाठ्यपुस्तकातल्या वाक्याने यातलं एकही दार सुटत नाही, म्हणून तिसरंवर्ष यांचा सल्ला मला अर्धाच पटतो. मान्य संस्थेचा आधार घ्यावाच, पण तो आपल्या गावात लावायचा कसा हे लिहायचं राहतंच.

नागपुरी_संत्रं
पाचही जण आमच्या एकाच पानठेल्यावर सापडतील सर, गावोगाव फिरायची गरज नाही 😀

मोहफूल
मी गडचिरोलीकडची, आशांबरोबर काम करते. पाणंद सरांच्या पाच जणांबद्दल थोडं सांगते.

'तंबाखू खाता का?' असं विचारलं की निम्म्या ठिकाणी उत्तर येतं, 'नाही जी, फक्त खर्रा.' लोक खोटं बोलत नाहीत. त्यांच्या लेखी तंबाखू म्हणजे चुना लावून हातावर मळलेली ती. खर्रा ही वेगळी वस्तू, पानठेल्यावर घोटून पन्नीत मिळणारी. त्यात सुपारी, तंबाखू आणि चुना हे सगळं असतं, पण नावात तंबाखू नाही ना. म्हणून एकेक नाव घेऊन विचारावं लागतं: खर्रा? चुना लावून तंबाखू? गुटखा? गुडाखू? भाजलेल्या तंबाखूची पूड दाताला? बिडी? बायकांना दाताचं वेगळं विचाराच, त्या स्वतःहून सांगत नाहीत.

आणि सासऱ्यासमोर सुनेला विचारू नका. 'नाही'च येईल.

दुसरं, २०१२पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे. पांढरा कोट आणि हातात कागद पाहिला की काही जण ठेल्याचं नाव पुढे येईल म्हणून घाबरतात. कुठून घेता हे विचारायचं नाही, तेवढं त्यांना आधी सांगून टाकायचं.

जेआर_वर्धा
मोहफूल ताई, खूप मदत झाली. नावं घेऊन विचारायचं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पाणंद सर, मग 'सध्या सेवन करणारा' कुणाला म्हणू? तीन आठवड्यांपूर्वी सोडलेला माणूस कुठे जाईल? मी काही थीसिसमध्ये 'गेल्या ३० दिवसांत एकदा तरी' असं वाचलं आहे.

मध्यक
मी सांख्यिकीचा माणूस, दरवर्षी अशा बऱ्याच फाइली माझ्या टेबलावर येतात. प्रश्न चांगला आहे आणि त्याला एकच बरोबर उत्तर नाही.

गॅट्स या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात मोठ्या माणसांना दिवस मोजून विचारत नाहीत. 'सध्या धूरविरहित तंबाखू रोज घेता, रोजपेक्षा कमी घेता, की अजिबात नाही?' असा प्रश्न असतो. रोज आणि रोजपेक्षा कमी हे दोन्ही मिळून 'सध्या सेवन करणारे'. २०१६-१७च्या गॅट्समध्ये देशात प्रौढांपैकी २१.४ टक्के धूरविरहित तंबाखू घेणारे निघाले, ते याच प्रश्नावर. तुला तुझा आकडा त्याच्या शेजारी ठेवायचा असेल तर प्रश्नही तोच हवा. तू ३० दिवसांची अट लावलीस आणि चर्चेच्या प्रकरणात गॅट्सशी तुलना केलीस, तर दोन वेगळ्या गोष्टी तोलतो आहेस.

आता तीन आठवड्यांपूर्वी सोडलेला. गॅट्सच्या प्रश्नाला तो 'अजिबात नाही' म्हणेल आणि 'पूर्वी घेणारा' होईल. ३० दिवसांच्या नियमाने तोच 'सध्या घेणारा'. वेचणीपुरता खाणारा याच्या उलट: वेचणीत गेलास तर दोन्हीकडे 'हो', मे महिन्यात गेलास तर ३० दिवसांच्या नियमाने 'नाही'. म्हणजे तुझं प्रमाण तू कोणत्या महिन्यात फिरलास त्यावर हलेल.

माझा सल्ला: वर्ग दारात पाडू नकोस. दारात कच्ची माहिती घे. कोणता पदार्थ, शेवटचा केव्हा घेतला, रोज की कधीमधी, कोणत्या वयापासून. वर्ग नंतर संगणकावर पाडता येतात, दोन्ही नियमांनी पाडता येतात. 'हो'वर टिक केलेल्या फॉर्ममधून मात्र तारीख परत काढता येत नाही.

पाणंद
मध्यक यांच्याशी सहमत, पण एक भर. दोन्ही नियमांनी वर्ग पाडता येतात म्हणून शेवटी ज्या नियमाने पी-व्हॅल्यू बरी येते तो ठेवायचा, हे मी पाहिलेलं आहे. मुख्य व्याख्या कोणती आणि दुसरी कशासाठी, हे फिल्डला जाण्याआधी मेथड्समध्ये लिहून तारीख टाक.

तिसरंवर्ष
ठीक आहे, तंबाखूचं पटलं. पण बीपीचं काय? १३०/८०ला कुणी काही बोललं नाही.

मध्यक
बोलतो. भारतातले आकडे, म्हणजे एनएफएचएस-५ किंवा डब्ल्यूएचओच्या स्टेप्स पद्धतीची सर्वेक्षणं, १४०/९० धरतात. आपला राष्ट्रीय कार्यक्रमही त्याच रेषेवर चालतो. तू गावात १३४/८२चा माणूस 'उच्च रक्तदाब' म्हणून नोंदवलास आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलास, तर तिथे त्याला गोळी सुरू होणार नाही. त्याला तू काय सांगणार? नवीन आहे एवढ्यावर रेषा निवडता येत नाही.

पण रेषेपेक्षा मोजण्याचा नियम जास्त घोळ करतो. एक माणूस घे. तीन वेळा मोजलं: १५०/९२, १४०/८८, १३६/८६. स्टेप्समध्ये आणि एनएफएचएस-५मध्येही शेवटच्या दोनची सरासरी घेतात. ती येते १३८/८७, म्हणजे १४०/९०च्या रेषेने तो सुटला. तिन्हींची सरासरी घेतलीस तर वरचा येतो १४२, म्हणजे तो सापडला. एकदाच मोजून निघालास तर १५०, सापडलाच. माणूस तोच, यंत्र तेच, सकाळ तीच. 'रक्तदाब १४०/९० किंवा जास्त' एवढ्या व्याख्येतून वाचणाऱ्याला हे कळणारच नाही. किती वेळा मोजलं, मध्ये किती मिनिटं थांबलो, कोणते आकडे धरले, हे सगळं त्या व्याख्येचाच भाग आहे.

मोहफूल
आणि तोंडातला खर्रा! मोजताना गालात खर्रा असतो, मी किती वेळा पाहिलं आहे. 'थुंकून या' म्हटलं की लगेच थुंकून येतात आणि हात पुढे करतात.

पाणंद
अगदी मुद्द्याचं बोललात ताई, आणि या अभ्यासात तर फारच. निकोटीनने रक्तदाब काही वेळापुरता चढतो. चहा, तंबाखू, श्रम यांनंतर अर्धा तास थांबायचं, पाच मिनिटं बसवून ठेवायचं आणि मग मोजायचं असा नियम आहे. जेआर तपासतो आहे तंबाखू आणि रक्तदाबाचा संबंध. ज्यांच्या गालात खर्रा आहे त्यांचाच रक्तदाब त्या क्षणी चढलेला मोजला, तर संबंध निघेलच, पण तो त्या अर्ध्या तासातल्या निकोटीनचा असेल. उच्च रक्तदाबाबद्दल त्यातून काहीच कळणार नाही.

म्हणून क्रम असा ठेव: घरात शिरल्याबरोबर तोंड धुवायला सांग, वेळ लिही, प्रश्नावली भरून घे. तेवढ्यात अर्धा तास जातो. मग दंडाला बीपीचा पट्टा बांध. फॉर्मवर 'शेवटचं सेवन किती वाजता' असा रकाना असला तर परीक्षेतही तुला उत्तर देता येईल.

जेआर_वर्धा
सर, अजून एक. पायलटमध्ये एक आजोबा भेटले. दोन वर्षांपूर्वी बीपी निघालं, गोळ्या सुरू झाल्या, मग बरं वाटलं म्हणून सोडल्या. माझ्या मोजणीत १३२/८४ आले. यांना रुग्ण धरू की नाही?

मध्यक
स्टेप्समध्ये गेल्या दोन आठवड्यांत डॉक्टरांनी दिलेली बीपीची गोळी घेतली का, असं विचारतात. तुझ्या आजोबांनी घेतली नाही, रक्तदाबही रेषेखाली. त्या नियमाने ते 'नाही'त जातात.

पाणंद
इथे माझं मत वेगळं आहे. एकदा नीट निदान झालेला माणूस गोळ्या सोडून एका दिवशी १३२ आला म्हणून निरोगी होत नाही. प्रमाण काढताना तुलनेसाठी स्टेप्सचा नियम ठेव, पण 'पूर्वी निदान झालेला, सध्या उपचाराविना' असा वेगळा गट नोंदव. शिवाय निदान झालं होतं हे कशावरून? कागद पाहिला, रिकामी पट्टी पाहिली, की फक्त तोंडी सांगितलं? तेही लिही.

मध्यक
गट नोंदवायला हरकत नाही. पण तोंडी सांगितलेल्या निदानावर कुणाला रुग्ण म्हणायचं यावर मी सावध राहीन. गावात चक्कर आली की 'बीपी' म्हणतात. यावर आपलं जुळणार नाही सर.

पऱ्हाटी
मी डॉक्टर नाही, यवतमाळकडचा शेतकरी आहो. मांगच्या साली आमच्या गावात असेच पोरं-पोरी आले होते. मले इचारलं, काका, महिन्याचं उत्पन्न किती? आता मी काय सांगू? कापूस इकला त एकदम पैसा येते, अन् आला तसा कृषी केंद्राच्या उधारीत जाते. बाकीचे महिने बायको निंदायले जाते त्याच्यावर भाजीपाला चालते. मी म्हटलं, लिहा तुमच्या मनानं. त्या पोरीनं खरंच काहीतरी लिहिलं. हे असं लिहिलेलं कोणाच्या कामाचं?

जेआर_वर्धा
पऱ्हाटी काका, माझ्याही फॉर्ममध्ये हाच प्रश्न आहे, 'मासिक उत्पन्न'. आर्थिक स्तर मी बी. जी. प्रसाद वर्गीकरणाने काढणार आहे, त्याला दरडोई मासिक उत्पन्न लागतं.

पाणंद
काकांनी नेमकी दुखरी जागा दाखवली. प्रसाद यांचं वर्गीकरण १९६१चं. शहरी नोकरदाराला ते सहज लागू पडतं, कारण त्याला महिन्याला पगार असतो. कोरडवाहू शेतकऱ्याचं महिन्याचं उत्पन्न विचारणं व्यर्थ. वर्षाचं विचार, आणि एका बैठकीत जोडत जा.

उदाहरण सांगतो, आकडे समजण्यापुरते. सहा माणसं, एकच चूल. ३० क्विंटल कापूस, भाव ७,००० रुपये, म्हणजे विक्री २,१०,०००. बियाणं, खत, फवारणी, मजुरी मिळून खर्च १,१०,०००. हाती राहिले १,००,०००. बाईची मजुरी वर्षाला २४,०००. म्हातारीचं अनुदान महिना १,५०० म्हणजे १८,०००. एकूण १,४२,०००. भागिले १२, भागिले ६: दरडोई महिना साधारण १,९७२ रुपये. खर्च वजा न करता विक्रीच धरली तर तेच ३,५०० होतात. आज महागाई निर्देशांकाने सुधारलेल्या मर्यादा लावल्या तर हे कुटुंब एका हिशेबाने चौथ्या वर्गात बसतं, दुसऱ्याने तिसऱ्यात. एक इंटर्न खर्च वजा करणार, दुसरा नाही, तर तुझ्या तक्त्यातला आर्थिक स्तर हा इंटर्नचा स्तर होईल.

म्हणून लिही: गेल्या १२ महिन्यांतलं, लागवडीचा खर्च वजा जाता, सगळ्या सदस्यांचं, सगळ्या वाटांनी आलेलं, आणि सदस्य म्हणजे एका चुलीवर जेवणारे. कोणत्या महिन्याचा निर्देशांक वापरलास तेही लिही, कारण मर्यादा दर महिन्याला हलतात.

पऱ्हाटी
अन् घरची ज्वारी, तूर? ते त इकतच नाही, खातो. अन् कर्ज माफ झालं त ते उत्पन्न का?

मध्यक
कर्जमाफी मी धरणार नाही. घरच्या धान्याचं माझ्याकडे ठाम उत्तर नाही. बाजारभावाने धरा म्हणणारे आहेत, सोडून द्या म्हणणारेही आहेत. धरलं तर मजूर आणि शेतकरी यांतला फरक वाढतो, एवढं नक्की.

नागपुरी_संत्रं
वयाचं राहिलं. वयाला कसली व्याख्या? आधार कार्ड बघायचं.

मोहफूल
आधारवर जुन्या माणसांची जन्मतारीख बघा एकदा. कितीतरी जणांची १ जानेवारी. नुसतं साल अंदाजाने सांगितलं की ती पडते.

पाणंद
म्हणून वयालाही एक ओळ लागते: पूर्ण झालेली वर्षं, कागदावरून, कागद अंदाजाचा असेल तर गावाला ठाऊक असलेल्या घटनेवरून. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज गेले १९६८ साली, त्यानंतर १९७२चा दुष्काळ, १९९१चा मोवाडचा पूर. 'दुष्काळाच्या साली तुम्ही केवढ्या होत्या?' म्हटलं की आजी हाताने उंची दाखवते. तुझी अट तिशीची आहे, त्यामुळे एकोणतीस-तीसच्या आसपास जपून राहा. सत्तर की बहात्तर याने तुझं काही अडत नाही, तिथे वेळ घालवू नकोस. लिंगाला एक ओळ पुरे.

जेआर_वर्धा
सगळ्यांचे मनापासून आभार. तंबाखूचं असं लिहिलं आहे, बघा:

'सध्या धूरविरहित तंबाखू सेवन करणारी व्यक्ती: खर्रा, चुन्यासह तंबाखू, गुटखा, गुडाखू किंवा दातांना लावायची तंबाखूची पूड यांपैकी कोणताही पदार्थ मुलाखतीच्या काळात रोज किंवा रोजपेक्षा कमी वेळा घेत असल्याचे सांगणारी. प्रत्येक पदार्थाचे नाव घेऊन, शक्यतो इतर कुटुंबीय जवळ नसताना विचारले जाईल. तंबाखू नसलेली सुपारी धरली जाणार नाही. हंगामापुरते घेणाऱ्यांना, मुलाखतीच्या वेळी हंगाम नसला तरी, रोजपेक्षा कमी या गटात धरले जाईल. शेवटच्या सेवनाची तारीख सर्वांची नोंदवली जाईल. ३० दिवसांचा नियम लावून दुय्यम विश्लेषण केले जाईल.'

प्रमाण किती ते 'दिवसाला किती पुड्या' असं ठेवलं आहे.

मोहफूल
पुड्या नको. चौघांत एक वाटून खाणारा काय सांगेल? 'दिवसातून किती वेळा तोंडात टाकता' असं विचारा. तेही अंदाजेच येईल, पण विकत घेण्यापेक्षा खाण्याच्या जवळचं.

मध्यक
मसुदा चांगला आहे. हंगामी माणसाचा निर्णय तू लिहून टाकलास हे विशेष आवडलं. तिथे गॅट्सपासून किंचित सरकला आहेस, तेवढं एका वाक्यात कबूल कर. आता नमुन्यात नसलेल्या एखाद्या गावात पंधरा-वीस माणसांना दोघांनी वेगवेगळं विचारून या. दोघांचं एकमत किती हे सांगणारा कप्पा हा आकडा काढाच, पण त्याआधी ज्या फॉर्मवर दोघांचं जुळलं नाही ते एकेक वाचा. सुधारणा तिथेच सापडते.

तिसरंवर्ष
एक व्यावहारिक गोष्ट. प्रश्नावली बदलली की एथिक्स कमिटीला सुधारित प्रत देऊन मंजुरी घ्यावी लागेल. पुढच्या महिन्यात फिल्ड म्हणतोस, तर बैठक केव्हा आहे ते उद्याच विचार. आमच्याकडे एकाचे त्यात दोन महिने गेले.

जेआर_वर्धा
उद्या सकाळीच ऑफिसात जातो. मोहफूल ताई, 'किती वेळा तोंडात टाकता' घेतलं. मध्यक सर, दुसरा विचारणारा म्हणून आमचे समाजसेवा अधीक्षक यायला तयार आहेत. ते डॉक्टर नाहीत, चालेल ना?

मध्यक
उत्तम. पांढरा कोट नसलेल्या माणसाला वेगळं उत्तर मिळतं का, तेही कळेल.